काकांचे बँकेस पत्र : पुतण्याला मुखत्यारपत्राने खाते चालवू द्यावे, यासाठीचा मसुदा तपासून हवा आहे

खाडीकाठ | सोमवार, सकाळी ९.४०

माझे काका ८४ वर्षांचे आहेत. केंद्र सरकारच्या एका कार्यालयातून निवृत्त झाले, लग्न केले नाही, आणि गेली चाळीस वर्षे ठाण्यात नौपाड्याच्या एकाच घरात राहतात. त्यांना कंपवात आहे. बुद्धी मात्र इतकी शाबूत आहे, की दूधवाल्याने मागच्या महिन्यात दोन दिवसांचे पैसे जास्त लावले हे त्यांनीच मला सांगितले. अडचण केवळ सहीची आहे. गेल्या तीन धनादेशांपैकी दोन 'सही जुळत नाही' या शेऱ्यासह परत आले आणि शुल्कही कापले गेले.

एकाच शाखेत त्यांची दोन बचत खाती आहेत. एकात निवृत्तिवेतन जमा होते, दुसऱ्यात ठेवींचे व्याज येते आणि त्याच खात्याशी चार मुदत ठेवी जोडलेल्या आहेत. मी नेरूळला राहतो आणि आठवड्यातून दोनदा ट्रान्सहार्बरने ठाण्यास येतो. दिवसभर सोबत असणाऱ्या बाईंचा पगार, औषधे आणि सोसायटीची देणी मी भागवावीत, अशी काकांची इच्छा आहे. त्यासाठी ते मला मुखत्यारपत्र देणार आहेत, आणि त्यासोबत बँकेला द्यावयाच्या पत्राचा मी पुढील मसुदा केला आहे :

'मा. शाखा व्यवस्थापक यांस, सप्रेम नमस्कार. वयोमानामुळे मला बँकेत येणे जमत नाही. तरी यापुढे माझ्या खात्याचे सर्व व्यवहार माझा पुतण्या पाहील. त्यास माझी पूर्ण संमती आहे. कृपया सहकार्य करावे. आपला विश्वासू.'

एवढे पुरेसे आहे का? जाणकारांनी कृपया दुरुस्ती सुचवावी.

---

रोकठोक | सोमवार, सकाळी १०.१५

माझ्या मते आपण उगाच कागद वाढवीत आहात. काकांचे एटीएम कार्ड आणि पिन आपल्याकडे ठेवा, त्यांच्या फोनवर बँकेचे ॲप घाला, ओटीपी आला की पाहून घ्या. मी सासऱ्यांचे सर्व व्यवहार पाच वर्षे याच पद्धतीने केले आणि बँकेने कधी विचारले नाही.

---

जुनी_लेजर | सोमवार, दुपारी १२.५०

मी एका बँकेत बत्तीस वर्षे काम केले आणि त्यातील बराच काळ ठाणे व वाशी येथील शाखांमध्ये गेला. त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

रोकठोक यांचा मार्ग चालतो तोपर्यंतच चालतो. कार्ड आणि पिन दुसऱ्यास देणे हा खातेदाराने बँकेशी केलेल्या कराराचा भंग आहे, त्यामुळे पुढे काही घोटाळा झाल्यास बँक हात वर करते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या पद्धतीत काढलेला प्रत्येक रुपया कागदोपत्री काकांनी स्वतः काढलेला असतो. अविवाहित माणसाच्या पश्चात भावंडांची मुले हिशेब मागू लागतात, तेव्हा 'काकांच्या सांगण्यावरून मी काढले' हे सांगायला काहीच हातात राहत नाही. मुखत्याराच्या सहीने झालेला व्यवहार निदान उघडपणे मुखत्याराचा दिसतो.

आता आपल्या मसुद्याविषयी. पत्र गोड आहे, परंतु शाखेतला अधिकारी ते वाचून काहीही करू शकणार नाही. 'व्यवहार पाहील' या शब्दांतून कोणताच अधिकार मिळत नाही. पाहणे वेगळे, आणि सही करून पैसे काढणे वेगळे. कोणते खाते हे लिहिलेले नाही, आणि मुखत्यारपत्राचा तर उल्लेखच नाही. अधिकार देणारा दस्तऐवज मुखत्यारपत्र आहे, तर पत्र ते नोंदवून घेण्याची विनंती करते. शाखेत पत्र वाचले जाते काउंटरमागे आणि मुखत्यारपत्र वाचले जाते विधी विभागात. दोन्ही ठिकाणी एकच मजकूर दिसला नाही, की फाइल परत येते. माझ्या अनुभवात परत आलेल्या निम्म्याहून अधिक फाइलींत हाच दोष असे.

आणखी एक. मुखत्यारपत्राचा अर्थ लावताना त्यात जे लिहिले आहे तेवढेच धरले जाते. 'बँकेचे सर्व व्यवहार' असे लिहून मुदतीपूर्वी ठेव मोडण्याचा अधिकार मिळतो असे अनेकांना वाटते, पण विधी विभाग ते मान्य करत नाही. लॉकर असल्यास तोही वेगळा लिहावा लागतो.

एक प्रश्न विचारते, कारण त्यावर पुढचे बरेच अवलंबून आहे : आपण दोन्ही खात्यांसाठी मुखत्यारपत्र देणार आहात का?

---

परदेशस्थ | सोमवार, दुपारी २.०५

मी अबूधाबीत राहतो. मुखत्यारपत्र भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यावे लागते आणि भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. माझ्या घणसोलीच्या सदनिकेच्या विक्रीच्या वेळी मी हेच केले होते. काकांनाही आधी वकिलातीची वेळ घ्यावी लागेल.

---

कोर्टनाका | सोमवार, दुपारी ३.३०

परदेशस्थ, आपली माहिती आपल्या प्रकरणापुरती योग्य आहे, परंतु येथे मुखत्यारपत्र देणारे काका नौपाड्यातच आहेत आणि प्रश्न सदनिकेचा नाही. वकिलातीचा संबंध येत नाही.

मी ठाण्याच्या न्यायालयात वकिली करतो. केवळ बँक खाते चालविण्यासाठीच्या मुखत्यारपत्राची दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करण्याची सक्ती नाही. मुद्रांकित कागदावर लिहून नोटरीसमोर केलेले मुखत्यारपत्र पुरेसे असते, आणि नोटरीसमोर झालेल्या मुखत्यारपत्राच्या बाबतीत ते रीतसर करून दिले गेले आहे असे न्यायालय गृहीत धरते. काही बँका आपल्या अंतर्गत नियमांमुळे नोंदणीकृत दस्तच मागतात. त्यामुळे आधी शाखेत विचारून घ्यावे, त्यांचा स्वतःचा नमुना असल्यास तोच मजकूर वापरावा आणि नंतरच मुद्रांक खरेदी करावा. काका बाहेर पडू शकत नसतील तर नोटरी घरी येतो. नोंदणीच करावयाची ठरल्यास आजारी व्यक्तीच्या घरी येण्याचीही नोंदणी अधिनियम, १९०८ मध्ये तरतूद आहे, फक्त त्यासाठी आधी अर्ज करावा लागतो.

---

सानपाडा_पूर्व | सोमवार, सायंकाळी ७.२०

मी नोंदणीच सुचवेन, आणि त्याचे कारण सांगतो. नोटरीचे मुखत्यारपत्र कोणीही आव्हान देऊन पाडू शकतो, पण नोंदणीकृत 'अपरिवर्तनीय' मुखत्यारपत्र करून घेतले, की ते काकांच्या हयातीत कायम राहते. उद्या ते अंथरुणाला खिळले, बोलेनासे झाले, स्मृती गेली, तरी बँकेला ते मानावेच लागते. म्हातारपणासाठीच तर ते करतात ना?

---

कोर्टनाका | सोमवार, रात्री ९.१०

सानपाडा_पूर्व, आपल्या म्हणण्यातील एक भाग योग्य आहे. नोंदणीमुळे दस्त खोटा आहे किंवा सही दुसऱ्याची आहे, असा आक्षेप घेणे अवघड होते. उरलेला भाग मात्र योग्य नाही, आणि हा गैरसमज इतका पसरलेला आहे की त्यावर थांबून लिहिणे भाग आहे.

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २०१ नुसार अधिकार देणाऱ्याचा मृत्यू झाला किंवा त्याच्या मनाचे संतुलन गेले, की प्रतिनिधीचा अधिकार तिथेच संपतो. दस्त नोटरीचा आहे की नोंदणीकृत, याने त्यात फरक पडत नाही. काही देशांत देणाऱ्याची समज गेल्यावरही टिकणारे मुखत्यारपत्र करता येते. आपल्या कायद्यात ती सोय नाही. 'अपरिवर्तनीय' हा शब्द शीर्षकात घातल्याने दस्त अपरिवर्तनीय होत नाही. त्यासाठी मुखत्याराचा त्या मालमत्तेत स्वतःचा हितसंबंध असावा लागतो, आणि काकांच्या बचत खात्यात पुतण्याचा असा हितसंबंध नाही. आपण म्हणता तशी स्थिती आली, म्हणजे ज्या दिवशी या कागदाची सर्वांत जास्त गरज भासेल, त्याच दिवशी तो कागद निकामी झालेला असेल.

अंथरुणाला खिळणे ही मात्र निराळी गोष्ट आहे. शरीर थकले पण समज आहे, तर मुखत्यारपत्र चालू राहते. सीमा समजेची आहे, शरीराची नाही.

---

मोगरा_नेरूळ | सोमवार, रात्री ११.४५

कोर्टनाका यांनी लिहिले ते आमच्या घरी घडले आहे, म्हणून लिहिते.

आईने २०१९ मध्ये मला मुखत्यारपत्र दिले होते आणि तीन वर्षे सर्व सुरळीत चालले. नंतर तिला विस्मरणाचा आजार जडला. मी भोळेपणाने शाखेत सांगितले, की आता आई कोणाला ओळखत नाही, म्हणून घरी येऊन ओळख पटवून घेण्याची पद्धत थांबवा. त्या अधिकाऱ्याने त्याच दिवशी मुखत्यारपत्राची नोंद बंद केली. माझा संताप झाला, मी भांडलेसुद्धा. आता समजते, की एकदा माहिती झाल्यावर तो व्यवहार चालू ठेवू शकत नव्हता. मला मात्र ते त्याच दिवशी कोणी समजावून सांगितले नाही. 'वरून आले आहे' एवढेच उत्तर मिळाले.

पुढे वकिलांच्या सल्ल्याने उच्च न्यायालयात जाऊन पालक म्हणून नेमणूक मागावी लागली. वैद्यकीय मंडळाची तपासणी, भावांची संमतीपत्रे, मालमत्तेची यादी या सर्वांत सात महिने गेले. तोपर्यंत आईची शुश्रूषा आम्ही आमच्या पैशांनी केली, आणि तिचे स्वतःचे पैसे खात्यात तसेच पडून होते.

---

जुनी_लेजर | मंगळवार, सकाळी ८.३०

मोगराताई, आपल्याला झालेला त्रास मी नाकारत नाही. त्या अधिकाऱ्याने नियम पाळला, पण आपल्याला नीट सांगितले नाही, आणि हे आमच्या पेशात फार घडते.

खाडीकाठ यांनी यातून घेण्याजोगे एकच. काकांची समज आज शाबूत आहे, याचा पुरावा आजच तयार करून ठेवावा. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र मुखत्यारपत्राच्याच तारखेचे घ्यावे, आणि शक्य असल्यास डॉक्टरांनाच एक साक्षीदार करावे. कंपवाताच्या रुग्णाची थरथरती सही पाहून उद्या कोणीतरी म्हणणारच, की यांना काय कळत होते.

---

खाडीकाठ | मंगळवार, सकाळी १०.०५

सर्वांचे आभार. ताई, आपल्या प्रश्नाचे उत्तर : होय, दोन्ही खात्यांसाठी. किंबहुना निवृत्तिवेतनाचे खातेच मुख्य आहे. दरमहा साधारण ३८,००० रुपये त्यात येतात आणि बाईंचा २२,००० रुपये पगार त्यातूनच जातो.

---

जुनी_लेजर | मंगळवार, सकाळी ११.२०

मला हीच शंका होती. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकाचे निवृत्तिवेतन जमा होणारे खाते मुखत्याराला चालविता येत नाही. त्या योजनेतच ते वर्ज्य आहे. खाते वेतनधारकाने स्वतः चालवावयाचे असते, अथवा पती वा पत्नीसह संयुक्त ठेवता येते, आणि काकांच्या बाबतीत तो पर्याय नाही. आपण उत्तम मुखत्यारपत्र करून शाखेत गेलात, तरी त्या एका खात्यापुरते ते नाकारले जाईल, आणि काउंटरवरच्या व्यक्तीला कारण माहीत नसल्यास 'सिस्टीम घेत नाही' असे सांगितले जाईल.

पण त्याच नियमात वाट आहे. अशा खात्यातून ठरावीक रक्कम दुसऱ्या खात्यात वळती करण्याची कायम सूचना देण्यास मनाई नाही. काकांचे दुसरे बचत खाते त्याच शाखेत आहे. निवृत्तिवेतनाच्या खात्यातून दरमहा ३५,००० रुपये त्या खात्यात आपोआप जावेत, अशी सूचना काकांनी स्वतः एकदाच द्यावी, आणि मुखत्यारपत्र फक्त त्या दुसऱ्या खात्याचे करावे. मुखत्याराला निवृत्तिवेतनाच्या खात्याला हात लावण्याची गरजच राहत नाही.

सूचनेची तारीख मात्र विचारपूर्वक निवडा. निवृत्तिवेतन महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी जमा होते, म्हणून लोक १ तारीख देतात. परंतु मार्च महिन्याचे निवृत्तिवेतन एप्रिलमध्ये जमा होते, आणि १ एप्रिलला बँका वार्षिक हिशेबासाठी ग्राहकांना बंद असतात. सूचना १ तारखेची असल्यास एप्रिलमध्ये पुरेशी शिल्लक नसल्याने ती फसते, आणि बाईंचा पगार थांबतो. ५ तारीख ठेवा.

हयातीचा दाखला हाही मुखत्याराच्या सहीने होत नाही, हे लक्षात असू द्या. ऐंशीच्या पुढच्या वेतनधारकांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, आणि आता चेहऱ्याच्या पडताळणीने घरबसल्याही होतो.

---

सानपाडा_पूर्व | मंगळवार, दुपारी १२.४०

मग सरळ त्या दुसऱ्या खात्यात पुतण्याचे नाव जोडून 'दोघांपैकी कोणीही अथवा हयात असलेला' असे संयुक्त खाते का करू नये? मुखत्यारपत्राची भानगडच नको. काकांची समज गेली तरी खाते चालू राहील.

---

कोर्टनाका | मंगळवार, दुपारी २.१५

व्यवहाराच्या दृष्टीने आपले म्हणणे रास्त आहे. तशा संयुक्त खात्यावर दुसरा खातेदार आपल्या स्वतःच्या हक्काने सही करतो, त्यामुळे कलम २०१ ची अडचण तेथे येत नाही. परंतु काकांच्या पश्चात खात्यातील रक्कम पुतण्याच्या हाती जाते, आणि ती त्याची स्वतःची की सर्व वारसांची, हा वाद उभा राहतो. बँकेने पैसे कोणाला द्यावेत आणि ते पैसे कोणाचे आहेत, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. काकांचे मृत्युपत्र आहे का, इतर भाचे-पुतणे किती आहेत, यावर मी माझा सल्ला बदलेन. येथे सरसकट एकच उत्तर देणे मला योग्य वाटत नाही.

---

जुनी_लेजर | मंगळवार, दुपारी ४.००

मी कोर्टनाका यांच्यापेक्षा संयुक्त खात्याच्या बाजूला थोडी अधिक झुकते, कारण मी मोगराताईंसारख्या अनेकांना काउंटरसमोर उभे राहिलेले पाहिले आहे. पण निर्णय काकांचा आहे.

मुखत्यारपत्रच करावयाचे असल्यास, पत्राचा मजकूर मी असा लिहिला असता :

'प्रति, मा. शाखा व्यवस्थापक, … बँक, नौपाडा शाखा, ठाणे.

विषय : माझे बचत खाते क्रमांक … व त्यास जोडलेल्या मुदत ठेवी चालविण्याकरिता दिलेल्या विशेष मुखत्यारपत्राची नोंद घेणेबाबत.

महोदय, मी, वरील खात्याचा एकमेव खातेदार, वय ८४ वर्षे, कंपवातामुळे माझी सही आपल्याकडील नमुन्याप्रमाणे करू शकत नाही. माझी समज व निर्णयशक्ती शाबूत असून तसे वैद्यकीय प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. मी दिनांक … रोजी नोटरी यांच्यासमोर, त्यांच्या नोंदवहीतील अनुक्रमांक … अन्वये, माझा पुतण्या श्री. … यांस विशेष मुखत्यारपत्र करून दिले आहे. त्यानुसार त्यांनी उपरोक्त खात्यातून धनादेशाने किंवा पैसे काढण्याच्या स्लिपने रक्कम काढणे, अन्य खात्यांत रक्कम पाठविणे, खातेउतारा घेणे, तसेच वर नमूद ठेवींचे नूतनीकरण करणे व आवश्यकता पडल्यास त्या मुदतीपूर्वी मोडणे, एवढेच व्यवहार करावेत. मोडलेल्या ठेवीची रक्कम केवळ माझ्या उपरोक्त खात्यातच जमा करावी. कर्ज वा अधिकर्ष घेणे, नामनिर्देशन करणे वा बदलणे, आणि नोंदविलेला माझा भ्रमणध्वनी क्रमांक बदलणे, हे अधिकार मी त्यांना दिलेले नाहीत. हे मुखत्यारपत्र मी लेखी कळवून केव्हाही रद्द करू शकेन. मूळ मुखत्यारपत्र पडताळणीसाठी सादर करीत असून त्याची प्रमाणित प्रत व मुखत्याराची ओळखपत्रे आणि सहीचा नमुना सोबत जोडला आहे. आपणास खातरजमा करावयाची असल्यास आपल्या अधिकाऱ्याने माझ्या घरी यावे, ही विनंती.'

यातील 'एवढेच' हा शब्द काढू नका. अनेकांना भीती वाटते, की मर्यादा लिहिल्या तर बँक कुरकुर करील. अनुभव उलटा आहे. मर्यादित मुखत्यारपत्र विधी विभागातून लवकर सुटते. मासिक रकमेची मर्यादा मात्र घालू नका. शाखेला ती मोजत बसणे शक्य नसते, आणि त्याच कारणाने पत्र परत येते. मर्यादा हवीच असेल, तर प्रत्येक धनादेशाची घाला.

पत्राखाली काकांची सही आणि अंगठा दोन्ही घ्या. नुसती सही पुन्हा जुळणार नाही. आजारी खातेदाराच्या अंगठ्याच्या ठशासाठी रिझर्व्ह बँकेची पद्धत अशी आहे, की दोन स्वतंत्र साक्षीदारांनी ठसा ओळखावा आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा. म्हणजे बँकेच्या माणसाला घरी यावेच लागते. सत्तरीच्या पुढच्या ग्राहकांना घरपोच सेवा देण्याविषयीचे रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक ९ नोव्हेंबर २०१७ चे आहे. शाखेने टाळाटाळ केल्यास त्या तारखेचा उल्लेख करून लेखी विनंती द्या.

---

रोकठोक | मंगळवार, रात्री ८.५०

हिशेबाचा जो मुद्दा ताईंनी मांडला, तो मला पटला. सासऱ्यांच्या पश्चात मेहुण्याने मला विचारले होते आणि माझ्याकडे एक वही सोडली तर दाखविण्यासारखे काही नव्हते. ती वही मी ठेवली होती, हे नशीब. मात्र आपण सर्व सांगता तेवढी धावपळ करण्यास प्रत्येकाकडे वेळ असतो, असे नाही.

---

खाडीकाठ | तीन आठवड्यांनंतर, रविवार, सायंकाळी ६.१५

झालेला प्रकार कळवितो, पुढच्यास उपयोग होईल.

संयुक्त खात्याचा पर्याय मी काकांसमोर ठेवला. त्यांनी नाही म्हटले. 'माझे पैसे माझेच राहू देत, तू फक्त काढून दे,' हे त्यांचे शब्द. म्हणून मुखत्यारपत्रच केले.

शाखेचा स्वतःचा नमुना निघाला, त्यामुळे आधी विचारून घेण्याचा सल्ला उपयोगी पडला. पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर मजकूर छापून नोटरींना घरी बोलाविले. डॉक्टर त्याच वेळी आले होते. काकांना सही करताना पाहणे कठीण होते. पहिले अक्षर त्यांनी ठसठशीत काढले, मग हात कागदावरून घसरला आणि उरलेले आडनाव एका लांब रेषेत गेले. नोटरींनी वहीत सही घेतली आणि शेजारी डाव्या हाताचा अंगठा घेतला. त्यांनी काकांना विचारले, 'हा कागद कशाचा आहे?' काकांनी उत्तर दिले, 'याला बँकेत माझ्या जागी उभे राहता यावे म्हणून. पण माझे नाव याने बदलायचे नाही.' नोटरी हसले आणि त्यांनी शिक्का मारला.

एक चूक तरीही झाली. पत्रात चारही ठेवी मुदतीपूर्वी मोडण्याचा उल्लेख होता, मुखत्यारपत्रात मात्र मी तीनच ठेवींचे क्रमांक लिहिले होते, कारण चौथीचे नूतनीकरण होऊन तिचा क्रमांक बदलला होता. विधी विभागाने नऊ दिवसांनी फाइल परत पाठविली. चौथ्या ठेवीपुरते पत्र दुरुस्त करून, तेवढ्या ठिकाणी काकांचा अंगठा पुन्हा घेऊन दिले, तेव्हा नोंद झाली. चौथी ठेव आता मुखत्यारपत्राबाहेर आहे.

निवृत्तिवेतनाच्या खात्याबाबत ताईंनी सांगितले तसेच घडले. काउंटरवर आधी 'दोन्ही खात्यांचे द्या, हरकत नाही' असे सांगण्यात आले, आणि दुसऱ्या दिवशी फोन आला, की ते खाते वगळावे लागेल. आम्ही ते आधीच वगळले होते. कायम सूचनेच्या अर्जावर शाखेतील अधिकाऱ्यांनी घरी येऊन काकांचा अंगठा घेतला. तारीख ५ ठेवली आहे.

काल मी पहिला धनादेश लिहिला. काकांचे नाव, त्याखाली 'करिता मुखत्यार' आणि माझी सही. २२,००० रुपये मिळाले. काकांच्या फोनवर संदेश आला, तो त्यांनी मला वाचून दाखविला आणि शिल्लक बरोबर आहे का, हे कागदावर मांडून पाहिले.

एक शंका उरली आहे. मुखत्यारपत्राची मुदत आम्ही लिहिलेली नाही. शाखा म्हणते, की दरवर्षी काकांनी 'मुखत्यारपत्र अद्याप अमलात आहे' असे लिहून द्यावे. हे त्यांना मागता येते का?

---

कोर्टनाका | रविवार, रात्री ९.३०

कायद्याने दरवर्षी तसे देण्याची सक्ती नाही. परंतु बँकेने आपल्या खात्रीसाठी मागितले, तर मी भांडणार नाही, कारण दरवर्षी त्या कागदावर काकांची समज शाबूत असल्याची नवी तारीख पडते.

---

जुनी_लेजर | रविवार, रात्री १०.१०

मी असहमत आहे. देणाऱ्याने रद्द करेपर्यंत ते अमलात असते, आणि वर्षाला अंगठा मागणे म्हणजे मुखत्यारपत्र ज्या त्रासातून सुटण्यासाठी केले तोच त्रास पुन्हा देणे. मी असते तर शाखेकडे त्यांचा नियम लेखी मागितला असता. चौथी ठेव मात्र तशीच ठेवू नका. तिची मुदत संपेल तेव्हा व्याजासह मुद्दल बचत खात्यातच जमा व्हावे, अशी सूचना काकांच्या अंगठ्याने आत्ताच देऊन ठेवा.

---

मोगरा_नेरूळ | रविवार, रात्री ११.२०

काकांना माझा नमस्कार सांगा. त्या शिलकीच्या कागदावर तारीख घालून तो फाइलमध्ये ठेवा.